नोंदणीपत्र आणि विमापत्र : मालकाच्या नावाचा मेळ

वाहनाची किंमत चुकती झाली, किल्ली हाती आली आणि काही आठवड्यांनी टपालाने नोंदणीपत्र, म्हणजे ज्याला आपण सारे सवयीने आरसी बुक म्हणतो ते, घरी येऊन पोहोचले की खरेदीचा व्यवहार पुरा झाला, अशी बहुतेक गृहस्थांची समजूत होते. परंतु त्या पत्रावर छापलेले मालकाचे नाव आणि विमा कंपनीच्या पॉलिसीवर छापलेले विमाधारकाचे नाव शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहण्याचे कष्ट घेणारे थोडेच आढळतात. हा मेळ किती महत्त्वाचा, हे पॉलिसीच्या मजकुरातच स्पष्टपणे लिहिलेले असते. मालक स्वतः वाहन चालवीत असता मृत्यू पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याला वा त्याच्या वारसांना १५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देणारे जे वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत असते, त्याच्या शर्ती तीन : तो इसम वाहनाचा नोंदणीकृत मालक असला पाहिजे, पॉलिसीत विमाधारक म्हणून त्याचेच नाव असले पाहिजे आणि अपघातसमयी त्याच्याजवळ वैध परवाना असला पाहिजे. पहिली शर्त नोंदणीपत्रावरून ठरते, दुसरी पॉलिसीवरून. आणि दोन्हींवरचा इसम एकच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ऐन दुःखाच्या दिवसांत कुटुंबावर येते.

सर्वप्रथम हे ठरविले पाहिजे की, आपल्यापुढील प्रश्न दुरुस्तीचा आहे की हस्तांतरणाचा. नाव आपलेच आहे, परंतु एखादे अक्षर गळले, वडिलांचे नाव सुटले, आडनाव आधी आले, तर ती नोंदीतील चूक होय आणि तिचा मार्ग दुरुस्तीच्या अर्जाचा. परंतु नोंदणीपत्रावर अद्याप आधीच्या मालकाचेच नाव असेल, किंवा पैसे मुलाने भरले आणि नोंद वडिलांच्या नावे झाली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते दोन भिन्न इसम आहेत आणि तेथे कितीही विनंतीअर्ज केले तरी 'दुरुस्ती' होत नाही. तेथे रीतसर हस्तांतरणच करावे लागते. लग्नानंतर बदललेले नाव या दोहोंच्या मध्ये येते. इसम तोच, परंतु नोंद त्या वेळी चुकलेली नव्हती, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला अथवा नामांतराची राजपत्रातील प्रसिद्धी यांचा आधार तेथे द्यावा लागतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे वाहन करून घेण्याचा मार्ग याहून निराळा, नमुना ३१ चा आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही.

नावात हा फरक मुळात पडतो कसा, हे समजून घेतल्यास तो कोठे शोधावा तेही कळते. नोंदणीची माहिती 'वाहन' या संगणकीय प्रणालीत रोमन लिपीत भरली जाते. नवीन गाडी असेल तर विक्रेत्याच्या दुकानातील कर्मचारी ती भरतो, जुनी असेल तर बहुधा एजंट. आपली नावे देवनागरीत बहुधा एकाच तऱ्हेने लिहिली जात असली तरी रोमन लिपीत त्यांची तीन-चार रूपे सहज होतात. दत्तात्रय आणि दत्तात्रेय यांतील एका मात्रेचा भेद तर देवनागरीतही घरोघर आढळतो. शिवाय आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे त्रिपदी नाव लिहिण्याची चाल आहे, तर नोंदणीपत्रावर मालकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि वडिलांच्या वा पतीच्या नावाचा रकाना वेगळा असतो. कोणी तिन्ही पदे पहिल्याच रकान्यात लिहितो, कोणी मधले पद दुसऱ्या रकान्यात टाकतो. जुन्या हस्तलिखित पुस्तकांतील नोंदी जेव्हा संगणकात उतरविल्या गेल्या, तेव्हा काही ठिकाणी पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरेच राहिली. दुसऱ्या बाजूला विमा कंपन्यांची रीत बदलली आहे. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नव्या विमा पॉलिसीसाठी ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, म्हणजे केवायसी, सक्तीची झाली असल्यामुळे विमापत्रावरील नाव आता बहुधा पॅन किंवा आधार यांवरून जसेच्या तसे घेतले जाते. परिणाम असा की, एका कागदावरचे नाव कोणीतरी हाताने टंकलेले आणि दुसऱ्यावरचे शासकीय ओळखपत्रातून आलेले. दोहोंत फरक पडण्यास आता पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे, आणि चुकलेले असण्याचा संभव नोंदणीपत्राचाच अधिक.

यावरून दुरुस्तीची दिशा आपोआप ठरते. एजंट पुष्कळदा असा सल्ला देतात की, नोंदणीपत्र बदलणे खटपटीचे आहे, त्यापेक्षा पॉलिसीवरील नाव त्याप्रमाणे करून घ्या. हा सल्ला मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिसी चुकीच्या नावाशी जुळविली म्हणजे ती पॅन, आधार आणि बँकेचे खाते या तिन्हींशी विसंगत होते, आणि भरपाईची रक्कम खात्यात जमा होण्याच्या वेळी तीच अडचण अधिक वाईट रूपाने उभी राहते. आधारावरील नाव बरोबर असल्याची खात्री करावी, नोंदणीपत्र त्याच्याशी जुळवून घ्यावे आणि मग पॉलिसी नोंदणीपत्राशी जुळवावी. हा क्रम उलटू नये.

आता जुन्या गाडीच्या खरेदीचे एक उदाहरण तारखांसह पाहू, कारण अडचणी तेथेच अधिक उद्भवतात. समजा, विकणारा आणि घेणारा दोघेही पुण्यात, एकाच प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या हद्दीत राहणारे आहेत, व्यवहार ५ जूनला झाला आणि गाडीची पॉलिसी ४ डिसेंबरपर्यंत चालू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत, म्हणजे १९ जूनपर्यंत, हस्तांतरणाची खबर नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत, म्हणजे ५ जुलैपर्यंत, आपल्या नावे नोंद करून मागावयाची असते. विकणाऱ्याचा कागद म्हणजे नमुना २९ आणि दोघांच्या सह्यांचा कागद म्हणजे नमुना ३०. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची संमतीही त्यात लागते. हा अर्ज parivahan.gov.in या संकेतस्थळावरून भरता येतो, शुल्क तेथेच जमा होते, आणि अर्जाचा क्रमांक व पोचपावती मिळते. हस्तांतरणाचे मूळ शुल्क नव्या नोंदणीच्या शुल्काच्या निम्मे असते. नोंदणीपत्राच्या कार्डाचा व टपालाचा खर्च त्यावर वेगळा. संगणकीय अर्ज भरण्याचे काम एजंटावर सोपविले असले, तरी अंतिम स्वाक्षरीपूर्वी नावाचे दोन्ही रकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. त्या घटकेला नाव सुधारणे अगदी सोपे असते; कार्यालयाची मंजुरी पडल्यावर नोंद केवळ कार्यालयच बदलू शकते. नव्या गाडीच्या बाबतीत हाच नियम नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना २० ला, लागू पडतो.

नोंदणीपत्र नावावर होऊन येईपर्यंत विमा कंपनीला कळविण्याचे थांबावे, अशी एक सार्वत्रिक गैरसमजूत आहे आणि तिनेच पुष्कळांचे नुकसान केले आहे. अधिनियमाचे कलम १५७ असे सांगते की, वाहन हस्तांतरित झाले म्हणजे विमापत्रही त्या तारखेपासून नव्या मालकाकडे हस्तांतरित झाले असे मानावे, आणि नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे आवश्यक फेरफारांसाठी अर्ज करावा. यातील पहिले वाक्य ऐकून निर्धास्त झालेल्या वाचकाने हे ध्यानात घ्यावे की, ते कायदेशीर गृहीतक केवळ त्रयस्थाच्या हानीपुरते आहे. रस्त्यावरील पादचाऱ्यास इजा झाली तर त्याला भरपाई मिळेल. परंतु स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी यांची भरपाई त्या गृहीतकाच्या आधारे मागता येत नाही. कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हेच ठरविले : गाडीची नोंद नव्या मालकाच्या नावे झालेली होती, परंतु पॉलिसी त्याच्या नावे झालेली नव्हती, आणि म्हणून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत कंपनी व नवा मालक यांच्यात कोणताही करार अस्तित्वात नाही, असा निर्णय झाला. म्हणजे नोंदणीपत्र बिनचूक असूनही दावा बुडाला.

तेव्हा आपल्या उदाहरणातील खरेदीदाराने १९ जूनच्या आत विमा कंपनीला लेखी कळविले पाहिजे. त्या पत्रात गाडीचा क्रमांक, पॉलिसीचा क्रमांक, आधीच्या मालकाचे नाव, हस्तांतरणाची तारीख आणि नोंदणीसाठी केलेल्या अर्जाचा क्रमांक नमूद करावा. नमुना २९ व ३० च्या प्रती आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती जोडावी. आणि विकणाऱ्याचे संमतिपत्र तर अवश्य जोडावे, कारण मोटार विम्याच्या नियमांनुसार गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नव्या मालकाकडे वळविण्यास त्याची स्पष्ट मागणी आणि जुन्या मालकाची संमती या दोन्ही गोष्टी लागतात. नवीन प्रस्तावपत्रही भरून द्यावे लागते. हे सारे पोचपावतीसह टपालाने, किंवा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवून उत्तर जपून ठेवावे. एजंटाला फोनवर सांगणे म्हणजे कंपनीला कळविणे नव्हे. काही कंपन्या नवे नोंदणीपत्र आल्याविना पॉलिसीवर नाव चढवीत नाहीत. तरीही मुदतीतले पत्र आणि त्याची पोच हाती असणे हे पुढे तक्रार करावी लागल्यास खरेदीदाराच्या बाजूचे मोठे प्रमाण असते.

येथे एक आर्थिक बाबही निघते आणि ती अनपेक्षित वाटू नये म्हणून सांगतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जिला नो क्लेम बोनस म्हणतात, ती गाडीची नसून माणसाची असते. ती विकणाऱ्याबरोबर जाते. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता सवलतीपूर्वी १०,००० रुपये होता आणि विकणाऱ्यास ५० टक्के सवलत असल्याने त्याने ५,००० भरले. ५ जून ते ४ डिसेंबर हे सहा महिने उरलेले असताना पॉलिसी खरेदीदाराच्या नावे होते तेव्हा, त्याची स्वतःची अशी सवलत नसल्यास, सुटलेल्या ५,००० पैकी निम्मे म्हणजे २,५०० रुपये आणि त्यावरील कर त्याला भरावा लागतो. ही रक्कम वाचविण्यासाठी पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे तशीच चालू ठेवणे म्हणजे २,५०० रुपयांसाठी सबंध गाडी अरक्षित ठेवणे होय.

आता समजा, १० जुलैच्या सुमारास नवे नोंदणीपत्र आले आणि त्यावर खरेदीदाराच्या नावातील एक अक्षर गळालेले व मधले नाव सुटलेले आढळले. प्रथम चूक छापील कार्डापुरतीच आहे की मूळ नोंदीत आहे, हे पाहावे. 'वाहन' प्रणालीत सर्वांना खुल्या असलेल्या शोधात मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली दिसतात, म्हणून तेवढ्याने भागत नाही. डिजिलॉकरमध्ये नोंदणीपत्र मागवून पाहणे ही उत्तम कसोटी होय. तेथील नाव आधाराशी ताडले जाते आणि विसंगती असल्यास नोंदणीपत्र मिळत नाही, नाव जुळत नसल्याचा संदेश येतो. तसा संदेश आला म्हणजे चूक मूळ दप्तरातच आहे असे समजावे. मधले नाव वडिलांच्या रकान्यात व्यवस्थित असेल, तर ती गोष्ट सहसा विमा कंपनीला समजावून सांगण्यापुरती असते. गळालेले अक्षर मात्र दुरुस्त करून घेतलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न, चूक कोणाची. यासाठी आपण जपून ठेवलेली नमुना ३० ची प्रत काढावी. तीत नाव बरोबर असून नोंदणीपत्रात चुकले असेल तर ती नोंद घेणाऱ्याची चूक, आणि आपले काम पुष्कळ सोपे. मूळ कागदाकडे बोट दाखविले की पुरे. नमुन्यातच नाव चुकीचे भरले गेले असेल तर ती अर्जदाराची चूक ठरते, आणि मग दोन्ही नावांचा इसम आपणच, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र बहुधा द्यावे लागते. नवे कार्ड छापण्याचे शुल्कही भरण्याची तयारी ठेवावी. अर्ज त्याच परिवहन कार्यालयाकडे करावा ज्याने ती नोंद केली. सोबत मूळ नोंदणीपत्र, आधार व पॅन यांच्या प्रती, हस्तांतरणाच्या अर्जाची पोचपावती आणि चालू विमापत्राची प्रत जोडावी. नवी गाडी असल्यास विक्रीचा दाखला, म्हणजे नमुना २१, आणि विक्रेत्याचे बीजक जोडावे. मजकूर लांबवू नये. 'उपरोक्त क्रमांकाच्या वाहनाच्या नोंदणीपत्रात मालकाचे नाव असे नमूद झाले आहे; हस्तांतरणाच्या अर्जात व ओळखपत्रात ते असे आहे; चेसिस व इंजिन क्रमांक बरोबर आहेत; सबब नोंद दुरुस्त करून सुधारित नोंदणीपत्र मिळावे,' एवढे पुरते. दोन्ही नावे रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहावीत, म्हणजे कारकुनाला फरक शोधावा लागत नाही. चेसिस आणि इंजिन क्रमांकांचा उल्लेख मुद्दाम करावा, कारण गाडी तीच असून केवळ नाव चुकले आहे हे त्यावरून निःसंदिग्ध होते, आणि अर्ज लिहिताना ते क्रमांक ताडले जाऊन त्यांतही एखादी चूक असल्यास वेळीच सापडते.

मूळ नोंदणीपत्र कार्यालयात देताना त्याची दोन्ही बाजूंची नक्कल आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली अर्जाची पोच स्वतःजवळ ठेवावी. मधल्या काळात रस्त्यावर वाहन अडविले गेल्यास किंवा अपघात झाल्यास तीच दाखवावी लागेल. त्याच पोचेची एक प्रत विमा कंपनीकडेही पाठवून, नोंदणीपत्रातील नावाची दुरुस्ती चालू आहे, असे कळवून ठेवावे. एका अक्षराच्या फरकाने विम्याचा करार रद्द होतो असे समजून घाबरून जाण्याचे कारण नाही. गाडीची ओळख चेसिस क्रमांकाने होते आणि असा दावा पुष्कळदा प्रतिज्ञापत्र घेऊन मान्यही केला जातो. परंतु जे काम आज एका अर्जाने होते तेच, गाडी दुरुस्तीखान्यात अडकून पडली असताना आणि सर्व्हेअर कागदांची विचारणा करीत असताना, करणे किती जाचक असते, हे ज्यांनी अनुभवले त्यांना विचारावे.

विकणाऱ्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नाव वेळेवर न बदलल्याचा भार त्याच्यावरही पडतो. कलम २ (३०) अन्वये ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो त्याचा मालक, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले आहे की, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघातग्रस्तास भरपाई देण्यास जबाबदार. गाडीचा ताबा सोडून वर्षे लोटली असली तरी हे लागू पडते. म्हणून नमुना २९ स्वतः दाखल करावा, त्याची पोच ठेवावी आणि नाव बदलल्याचे पाहिल्याशिवाय प्रकरण मिटले असे मानू नये. आपल्या बोनसचा दाखलाही विमा कंपनीकडून त्याच वेळी मागून घ्यावा.

सुधारित नोंदणीपत्र हाती आले की त्याची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर पुरवणी, म्हणजे एंडोर्समेंट, मागावी. नाव बदलल्याची तोंडी हमी किंवा मोबाईलवरील संदेश पुरेसा नाही. कंपनीचा क्रमांक व परिणामाची तारीख असलेला पुरवणीचा कागद हवा. तो आल्यावर चार गोष्टी वाचून पाहाव्यात : नाव नोंदणीपत्राप्रमाणे अक्षरशः आहे काय, वैयक्तिक अपघात संरक्षण नव्या मालकाच्या नावे असून त्यात त्याच्याच वारसाचे नाव आहे काय, गाडीवर बोजा असल्यास नव्या कर्जदात्याचे नाव चढले आणि जुन्याचे उतरले काय, आणि परिणामाची तारीख ५ जून आहे की ज्या दिवशी पुरवणी निघाली ती. शेवटची बाब सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. मधल्या दिवसांत गाडीला काही झाले असेल तर सारा दावा त्या एका तारखेवर अवलंबून राहतो, म्हणून ती गैरसोयीची असल्यास त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवावी.

आणखी एक विनंती. पुरवणी निघाली तरी पुढील वर्षाच्या नूतनीकरणाची सूचना कधीकधी जुन्या माहितीवरूनच तयार होते आणि टाकून दिलेले चुकीचे नाव पुन्हा छापले जाते. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेताना मध्यस्थाने मागील वर्षीचा कागद पाहून नाव भरले तरी हेच घडते. तेव्हा आपल्या उदाहरणातील खरेदीदाराने ४ डिसेंबरपूर्वी हप्ता भरण्याच्या आधी नव्या पॉलिसीचा मसुदा मागवून नोंदणीपत्राशेजारी ठेवावा आणि नाव जुळत असेल तरच पैसे भरावेत.